मनू, सर घेण्याआधी भोकं बघ

मनू,

काल मी फोन ठेवून दिला, चुकलंच माझं. मार्चमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय आणि तू तिकडे कोबेत माझ्यासाठी मोत्यांचा सर बघत फिरतेस, ऐकून जीव घाबरला गं. आता तो विषय काढत नाही.

फोटो बघितले. ६०,००० येनचा आणि ९५,००० चा, दोन्हीवर ट्रिपल ए, म्हणून तू स्वस्तातला घेणार. अगं ट्रिपल ए ज्याचं त्याचं दुकान ठरवतं, सगळ्यांचं एक माप नसतं. आधी दोन्हींचे मिलिमीटर विचार, अर्ध्या मिलिमीटरनेही भाव चढतो, एकाच मापाचे असतील तरच तुलना कर.

मला भीती पातळ थराची आहे. बाबांनी १९९५ ला आणलेला सर आठवतो? अकोया मोत्यांचाच होता. पाणी असं की ट्यूबलाइट त्यात सरळ रेघ दिसायची, सगळे मोती गोल, जोडही छान लागलेला. मी तो तुझ्या बारशाला घातलेला, तू मुठीत धरून ओढलास. पाच वर्षांत भोकांपाशी पापुद्रे सुटले आणि आतला मणी उघडा पडला. बाबा काहीच बोलले नाहीत, नुसते हातात घेऊन बसले.

अकोयात मधे शिंपल्याचाच कोरलेला गोल मणी असतो, त्यावर कालव थर चढवतं. गोलाई त्या मण्याची असते, त्यामुळे मोती गोल आहे म्हणून थर जाड असेलच असं नाही. मोती लवकर काढला की थर पातळ राहतो, तरी सुरुवातीला चमकतो. म्हणून भिंगातून भोकाची कड बघ, थर आणि मणी यांच्यामधली रेघ दिसते. कड फुटलेली असेल तर सोड. मग दिव्याखाली सर हळूहळू फिरव, मोती मधेच उजळून मधेच काळपट झाले तर आतला मणी दिसतोय. अर्थात डोळ्यांनी अंदाजच येतो, खरी जाडी लॅबमध्येच मोजतात, महागड्याला हानादामाचं, म्हणजे सगळ्यात चांगल्या अकोयाचं, सर्टिफिकेट आहे का विचार, तिथे थर ०.४ मिलिमीटर तरी लागतो.

भोकाजवळ एखादा टिपका असला तर चालेल, घातल्यावर कोणाला दिसतो? पण चीर नको. पांढऱ्या कापडावर सर लोळवून बघ, वेडावाकडा गेला की कुठला मोती गोल नाही ते कळतं. रंगाचा जोड दिवसाउजेडी खिडकीशी बघ, दुकानातल्या दिव्यांत सगळंच गुलाबी दिसतं.

पुन्हा लेक्चर दिलं, सॉरी. बाबांना सांगितलं नाहीये, तेही मार्चचंच विचारतील. तू स्वतःच्या पगारातून सर घेतेस हे शेजारच्या काकूंना मात्र सांगून झालंय. ९५,००० चा थर चांगला निघाला तरी आत्ता घेऊ नकोस, नोकरीचं पक्कं होऊ दे. मार्चनंतर कुठे राहणार तेवढं आधी कळव.

आई