आईच्या किडनीच्या रिपोर्टबद्दल

लीड्स, रविवार

प्रिय आई,

दादाने तुझ्या रिपोर्टचा फोटो पाठवला. फोनवर तू घाबरलेली वाटलीस आणि मी घाईत होते, म्हणून आज नीट लिहिते. इथे किडनीच्या वॉर्डात रोज हेच आकडे बघते, त्यामुळे तुझा रिपोर्ट वाचताना हात जरा थरथरला तरी डोकं ठिकाणावर होतं.

तुझं क्रिएटिनिन १.१ आलंय. लॅबची मर्यादा १.२, म्हणून त्यापुढे खूण नाही. पण खाली ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, ५७ आहे आणि तिथे मात्र ठळक अक्षरं आहेत. एक म्हणतो ठीक, दुसरा म्हणतो कमी, मग खरं कोण, असं तू विचारलंस. दोन्ही एकाच थेंबातून आलेत, आई. क्रिएटिनिन हा स्नायूंचा रोजचा कचरा. किडनी तो गाळून लघवीत टाकते, आणि गाळणं मंदावलं की तो रक्तात साठतो. पण कचरा किती तयार होतो, हे अंगात स्नायू किती यावर ठरतं. दादाने त्याच दिवशी तपासणी केली, त्याचंही क्रिएटिनिन १.१ च आहे. तो चौतीस वर्षांचा गडी, त्यामुळे त्याचा ईजीएफआर ९० येतो. तू बासष्टची, म्हणून त्याच १.१ वर तुझा ५७. ईजीएफआर कुणी मोजलेला नसतो. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढं सूत्रात घालून काढलेला तो अंदाज असतो. तुझी अंगकाठी बारीक आहे हे सूत्राला कळत नाही, त्यामुळे नुसती क्रिएटिनिनपुढे खूण नाही म्हणून मी निर्धास्त होणार नाही.

आता युरिया. तुझा ५४ आहे. मावशीने तिच्या अमेरिकेतल्या सुनेला विचारलं आणि ती म्हणाली, वीसच्या वर असला की वाईट. तिकडे युरियाऐवजी त्यातला फक्त नायट्रोजन मोजतात, तो साधारण निम्म्याहून थोडा कमी भरतो. त्या हिशोबाने तुझा २५ होतो. थोडा जास्त आहे, पण ५४ ची वीसशी तुलना करू नकोस.

त्या २५ ला क्रिएटिनिनच्या १.१ ने भागलं तर २३ येतात. हा भागाकार वीसच्या वर गेला की आम्ही आधी विचारतो, पाणी कमी पडलं का? अंगात पाणी कमी असलं की किडनी ते धरून ठेवते, आणि पाण्यासोबत युरियाही परत रक्तात ओढला जातो. तू आषाढीला निर्जळी उपास केलास आणि द्वादशीला सकाळी, पारणं व्हायच्या आधीच, रक्त दिलंस. शिवाय गुडघ्यासाठी आठ दिवस डायक्लोफिनॅक चालू होती. या गोळ्यांनी किडनीत शिरणारी बारीक रक्तवाहिनी आवळते आणि गाळण्याचा जोर कमी होतो. तू बीपीसाठी टेल्मिसार्टनही घेतेस, म्हणजे बाहेर जाणारी वाहिनी आधीच सैल आहे. त्यात पाणी नाही. तिन्ही एकत्र आले की किडनी बिचारी काय करणार.

म्हणून एका रिपोर्टवर किडनी बिघडली म्हणायचं नाही. ईजीएफआर तीन महिने साठच्या खाली राहिला तरच तो जुना आजार धरतात. डायक्लोफिनॅक बंद कर, गुडघ्यासाठी काय चालेल ते डॉक्टरांना विचार. बीपीची गोळी मात्र स्वतःहून सोडायची नाही. दोन आठवड्यांनी, आदल्या दिवशी नेहमीसारखं पाणी पिऊन, पुन्हा रक्त दे. क्रिएटिनिन ०.९ वर उतरलं, तर त्याच सूत्राने ईजीएफआर ७२ होईल. एवढ्याशा फरकाने आकडा किती हलतो बघ. उतरलं नाही, तर तीन महिन्यांनी तिसऱ्यांदा तपासणी करायची. मध्येच १.३ किंवा त्याहून वर गेलं, लघवी कमी झाली किंवा पायावर सूज दिसली, तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणखी एक तपासणी डॉक्टरांना मुद्दाम सांग, ती या रिपोर्टमध्ये नाहीच: लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण. सकाळची पहिली लघवी डबीत द्यायची. ते तीसच्या खाली आलं, तर माझा जीव बराचसा भांड्यात पडेल. तीसच्या वर आलं आणि पुन्हा तपासूनही तसंच राहिलं, तर ईजीएफआर चांगला असला तरी किडनीकडे लक्ष द्यावं लागतं. माझ्या मते तुझ्यासाठी हीच तपासणी सगळ्यात महत्त्वाची आहे.

शेजारच्या काकूंनी दिलेला किडनी साफ करणारा काढा घेऊ नकोस, त्यात काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. डाळही बंद करू नकोस. अजून तसं कुणी सांगितलेलं नाही आणि तू आधीच बारीक आहेस.

दादाला सांग, तुझ्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो दोन्ही बाजूंनी पाठव. दुखण्याची आणखी एखादी गोळी डब्यात असेल, अशी मला शंका आहे.

बाबांना नमस्कार.

तुझी,
छकुली