दुसरीतल्या पोराला सहा जणांसमोर उभं करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेत दादागिरीची तक्रार आली की चौकशी होते, अहवाल लिहिला जातो आणि बऱ्याचदा शेवटी 'मूल जबाब बदलतंय, त्यामुळे तथ्य आढळलं नाही' असं एक वाक्य येतं. मी प्राथमिकला बरीच वर्षं शिकवलंय, अशा चौकशांत बसले पण आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी मूल खोटं बोलत नसतं, विचारणाऱ्यांनी विचारायचीच पद्धत चुकवलेली असते.

एक उदाहरण सांगते, शाळा कुठली ते सांगत नाही. दुसरीतला मुलगा, मधल्या सुट्टीत चौथीतली दोन मुलं त्याचा डबा काढून घ्यायची आणि एकदा त्याला टॉयलेटमध्ये कोंडलं. आईने लेखी तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी शिपाई वर्गात आला, सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन 'हेडमास्तरांनी बोलावलंय' म्हणाला. केबिनमध्ये मुख्याध्यापक, दोन शिक्षक, व्यवस्थापन समितीचे मेंबर, आई, आणि त्या दोन मुलांपैकी एकाचे वडील पण! पोरगं उभं, बाकी सगळे खुर्चीत. पहिला प्रश्न, 'त्यांनी तुला मारलं ना?' पोरगं म्हणालं हो. मग मेंबरांनी विचारलं, 'नक्की मारलं? नीट आठवून सांग.' पोरगं म्हणालं नाही. झालं, जबाब बदलला!

आता यात काय झालं ते बघा. 'मारलं ना?' या प्रश्नात उत्तर आधीच दिलेलं आहे, आणि सहा-सात वर्षांचं मूल मोठ्या माणसाला बहुतेक वेळा हो म्हणतं कारण त्याला वाटतं हेच हवंय. तोच प्रश्न परत विचारला की त्याला वाटतं आपलं पहिलं उत्तर चुकलं, वर्गात बाई 'परत सांग' म्हणतात तेव्हा तसंच असतं की, म्हणून ते उत्तर बदलतं. खरी गोष्ट कोंडण्याची होती, मारण्याची नव्हतीच, पण ती कुणी विचारलीच नाही.

नंतर त्याच मुलाशी दुसऱ्या एका शिक्षिकेने लायब्ररीच्या खोलीत बसून बोलणं केलं. बुटक्या बाकावर त्याच्या उंचीला बसून, आणि सोबत दुसरी एक मोठी व्यक्ती. आधी त्याला सांगितलं की मी तिथे नव्हते, मला काहीच माहीत नाही, तूच सांगणार आहेस, आणि एखादी गोष्ट माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हण. हे नुसतं सांगून भागत नाही, करून बघावं लागतं, म्हणून विचारलं, 'माझ्या घरच्या मांजराचं नाव काय?' तो म्हणाला माहीत नाही. 'शाब्बास, असंच.' मग सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय केलंस ते सगळं सांग म्हटलं, म्हणजे लांब उत्तर द्यायची सवय लागते आणि मूल किती बोलतं, कसं बोलतं याचा आपल्यालाही अंदाज येतो.

मग मुद्द्यावर. 'डब्याबद्दल काहीतरी झालं असं कळलं मला. काय काय झालं ते पहिल्यापासून सांग.'
'डबा घेतला.'
'बरं. मग?'
'मग दार लावलं.'
'दार लावलं त्याबद्दल अजून सांग.'
'बाहेरून. मी वाजवलं. ते हसत होते. मग घंटा झाली.'

एवढंच. मारण्याचा शब्दही नाही, पण किती कळलं! कोंडलं, बाहेरून कडी होती, घंटा होईपर्यंत. 'का' विचारायचंच नाही, 'तू ओरडला का नाहीस' म्हटलं की मुलाला वाटतं आपलीच चूक. 'किती वेळा झालं' हे पण नको, या वयाला मोजून सांगता येत नाही, मूल अंदाजाने दहा म्हणतं, मग शंभर म्हणतं आणि लोक म्हणतात बघा बनवतोय. त्यापेक्षा 'शेवटच्या वेळी झालं ते सांग' म्हणावं. आणि मूल गप्प बसलं तर आपणही गप्प बसावं, लगेच पुढचा प्रश्न टाकू नये, हे शिक्षकांना फार जड जातं.

आता दुसरी मोठी व्यक्ती. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि याचीच सगळ्यात जास्त हेळसांड होते. एकट्या माणसाने बंद खोलीत मुलाची चौकशी करू नये, मुलाच्या सुरक्षेसाठी पण आणि विचारणाऱ्यावर उद्या 'तुम्हीच पढवलं' असा आरोप येऊ नये म्हणून पण. पण दुसरी व्यक्ती म्हणजे दुसरा वकील नव्हे. तिने बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, 'अरेरे' करायचं नाही. मुलाला दिसेल अशा बाजूला बसायचं, पाठीमागे नाही, आणि लिहायचं. प्रश्न पण जसाच्या तसा आणि उत्तर पण मुलाच्याच शब्दात, 'दार लावलं' म्हणाला तर 'दार लावलं', त्याचं 'डांबून ठेवलं' करायचं नाही. ही व्यक्ती कोण हे मुलाला विचारावं, आवडत्या बाई, खेळाचे सर, कुणीही, फक्त तक्रारीशी संबंध असलेलं कुणी नको. आईच हवी म्हणाला तर आई, पण आईला आधी समजावून सांगावं, कारण तिचे डोळे भरले की मूल तिला सांभाळायला लागतं आणि बोलणं थांबतं.

पाहणाऱ्या मुलांचं वेगळंच. याच प्रकरणात एका मुलीने बाहेरून पाहिलं होतं. तिला एकटीलाच वर्गातून उठवलं की सगळ्या शाळेला कळतं चुगली कुणी केली. म्हणून त्या मजल्यावरच्या पाच-सहा मुलांशी एकेक करून, शक्यतो त्याच दिवशी बोलावं, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा पेटायच्या आत. त्या मुलाने काय सांगितलं ते तिला सांगायचं नाही, दोघांना समोरासमोर तर कधीच नाही. आणि 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नये, ते पाळता येत नाही. कुणाकुणाला सांगावं लागेल ते खरं सांगावं.

एक मर्यादा मात्र शाळांनी लक्षात ठेवावी. बोलता बोलता कपडे काढायला लावले, नको तिथे हात लावला असं काही निघालं तर तिथेच थांबावं. खोदून विचारू नये, मूल आपणहून बोलत असेल तर ऐकावं, लिहावं आणि पोलिसांना कळवावं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते बंधनकारक आहे, शाळेने आधी आपली चौकशी पूर्ण करायची वाट बघायची नाही. त्याच कायद्यात पोलिसांनी मुलाचा जबाब घेताना गणवेशात असू नये आणि आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती हजर असावी असं लिहिलंय. म्हणजे पोलिसांना जे बंधन आहे तेवढं तरी शाळेने डब्याच्या तक्रारीत पाळायला काय हरकत आहे?

शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की चौकशीच्या प्रत्येक अहवालाला मुलाशी झालेल्या बोलण्याची प्रश्नासकट मूळ नोंद जोडणं सक्तीचं करावं, सोबत कोण बसलं होतं त्याच्या सहीसह. 'जबाब बदलला' असं लिहिणाऱ्याला मग प्रश्न काय विचारला होता ते पण दाखवावं लागेल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा