केबल फुल झाली म्हणून रस्ता उकरायच्या आधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सातारा-कऱ्हाड रस्त्याच्या कडेनं परत चर मारणार, कारण जुनी फायबर केबल फुल झाली, ही बातमी तुमच्या पेपरात वाचली आणि राहवलं नाही. मी गेली अठरा वर्षं याच पट्ट्यात फायबर जोडतोय. केबल फुल झाली म्हणतात तेव्हा बऱ्याचदा फुल झालेली असतात ती दोन टोकांची मशीन, आतली काच जवळजवळ रिकामीच असते.

जत्रेत हलगी, सनई, ताशा सगळं एकाच हवेतनं कानावर येतं, तरी हलगी कुठली ते आपल्याला कळतं ना? तसंच आहे हे. एका काचेत एकच लेझर सोडायच्या ऐवजी थोड्या थोड्या वेगळ्या रंगाचे चाळीस सोडायचे. रंग म्हणजे डोळ्याला दिसणारे नव्हेत, 1530 ते 1565 नॅनोमीटरच्या पट्ट्यातले, दोन रंगांत साधारण 0.8 नॅनोमीटरचं अंतर ठेवलं की चाळीस आरामात बसतात. या टोकाला मक्स सगळे एकत्र करतो, त्या टोकाला डीमक्स परत वेगळे करतो. एका रंगावर 10 जीबीपीएस चालत असेल तर जाणाऱ्या-येणाऱ्या एका जोडीवर 400 झाले, आणि हल्लीची 100 जीची कार्डं टाकली तर 4000, आणि जमिनीत फावडं सुद्धा लावलेलं नाही.

खरी अडचण असायची वाटेत. सातारा ते सांगली केबल 120 किलोमीटर धरा, उजेडाची घट डीबीत मोजतात, जोडांसकट किलोमीटरला पाव डीबी गेला तर 30 डीबी जातात, म्हणजे सोडलेल्या उजेडाचा हजारावा भाग पोचतो. पूर्वी मोठ्या अंतरावर मध्येच उजेडाचा करंट करून परत उजेड करावा लागायचा, तोही प्रत्येक सिग्नलला वेगळा डबा लावून. 1987 च्या सुमारास अर्बियम घातलेल्या काचेचा अँप्लिफायर आला आणि तिथं सगळं बदललं, कारण तो त्या पट्ट्यातले सगळे रंग एकदम, उजेड उजेडच ठेवून वाढवतो. कऱ्हाडला दोन्ही दिशांना एकेक बसवला की चाळीस रंगांचं काम भागलं.

पण मशीन लावलं आणि झालं असंही नाही. एका जुन्या तीस-पस्तीस किलोमीटरच्या टप्प्यावर आम्ही हे बसवलं तेव्हा दुसऱ्या टोकाला पॉवर चार डीबी कमी येत होती, म्हणजे निम्म्याहून कमी. सगळे म्हणाले केबलच म्हातारी झालीय, नवीन टाका. आता त्याच काचेवर जुनी सिस्टीम 1310 नॅनोमीटरच्या उजेडावर कित्येक वर्षं बिनतक्रार चाललेली. ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये कुठं किती उजेड वाया जातो ते दाखवणारं मशीन, लावून जुन्या 1310 आणि नव्या 1550 अशा दोन्ही वेव्हलेंग्थवर मोजलं तर एकाच जागी 1310 ला जेमतेम अर्धा डीबी जात होता आणि 1550 ला चार. जोड खराब असता तर दोन्हीकडं साधारण सारखाच लॉस दिसला असता, 1550 ला एवढा जास्त दिसला म्हणजे फायबर कुठंतरी वाकलंय, कारण लांब वेव्हलेंग्थचा उजेड वळणावर लवकर बाहेर सांडतो. जॉइंट क्लोजर, म्हणजे फायबरचे जोड ठेवायची पेटी, उघडलं तर ट्रेच्या झाकणाखाली एक फायबर दाबलं गेलेलं, करंगळीपेक्षा बारीक वळण. सोडवलं, मोठ्या गोलात परत बसवलं, चार डीबी परत आले. दहा मिनिटांचं काम होतं ओ, आणि त्यासाठी पस्तीस किलोमीटर रस्ता फोडायची भाषा चाललेली.

एक गोष्ट मात्र यानं सुटत नाही. जेसीबीचा दात बसला की चाळीसच्या चाळीस रंग एकदम जातात. एकच रंग गेला तर त्याचं कार्ड नाहीतर लेझर बघायचा, सगळे एका क्षणात गेले तर केबल तुटली किंवा अँप्लिफायर बंद पडला, हे आम्ही स्क्रीनवरच ओळखतो. एका जोडीवर जेवढं जास्त लादाल तेवढं एका घावात जास्त बंद पडणार. म्हणून खणायला माझा सरसकट विरोध नाही. पण खणायचंच तर कोरेगाव, वडूज, विटा, तासगाव अशा दुसऱ्या वाटेनं खणा, म्हणजे हायवेकडची तुटली तरी सांगलीचं काम चालू राहील. जुन्या केबलच्या दोन फुटांवर नवीन टाकली तर एकाच दिवशी एकच जेसीबी दोन्ही तोडणार, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तेव्हा तुमच्या वार्ताहरांना एवढंच सांगा की परवानगी देणाऱ्यांना तीन गोष्टी विचारा: जुन्या केबलमधली किती फायबर अजून न वापरता पडून आहेत, जी चालू आहेत त्यांच्यावर किती रंग आहेत, आणि नवीन चर जुन्यापासून किती लांब आहे. उत्तरं मिळाली तर छापा, आम्ही वाट बघतोय.

आपला,
एक फायबर जोडणारा वाचक, सातारा