ती ‘नाही’ म्हणाली, हे कोणी सिद्ध करायचं?

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तू सरळच विचारलंस ते बरं झालं: "बाईने कोर्टात ‘माझी संमती नव्हती’ असं म्हटलं की आता पुरुषानेच स्वतःचं निर्दोषत्व सिद्ध करायचं, असा कायदा झालाय ना?" गेल्या महिन्यात दोन पक्षकारांनी मला हेच विचारलं आणि दोघांनाही वाटत होतं की उत्तर ‘हो’ आहे. उत्तर ‘हो’ नाही. पण ज्या तरतुदीमुळे हा समज पसरला ती खरोखर कायद्यात आहे, आणि ती आपल्या विदर्भातल्या एका खटल्यामुळे आली. म्हणून तिथूनच सांगते.

देसाईगंज म्हणजे आपलं वडसा. आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. 26 मार्च 1972 च्या रात्री भावाने केलेल्या तक्रारीवरून एका आदिवासी मुलीला आणि तिच्याबरोबरच्या माणसांना पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. आईबाप नसलेली, मजुरी करणारी मुलगी. डॉक्टरांच्या अंदाजाने वय चौदा ते सोळा. जबाब झाले, बाकीच्यांना जायला सांगितलं आणि तिला मागे थांबवून घेतलं. सोबतची माणसं बाहेर उभी होती. ठाण्याचे दिवे मालवले गेले, दार बंद झालं. बाहेर आल्यावर तिने सांगितलं की एका कॉन्स्टेबलने बलात्कार केला. मुलीचं नाव मथुरा, आणि हेच ते मथुरा प्रकरण.

खटला त्या कॉन्स्टेबलवर आणि ठाण्यातल्या हेड कॉन्स्टेबलवर चालला. 1974 मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांनाही सोडलं. संबंध आला हे त्या न्यायाधीशांना मान्य होतं. बलात्कार झाला हे मान्य नव्हतं. तिला पूर्वीपासून शरीरसंबंधाची सवय होती, असं निकालात लिहिलं गेलं. 1976 मध्ये नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. खंडपीठाचं म्हणणं असं की धाकाखाली निमूटपणे सहन करणं म्हणजे संमती नव्हे. भावाच्या तक्रारीवरून ठाण्यात आणलेली मुलगी अनोळखी पोलिसाकडे स्वतःहून जाईल, हे संभवत नाही. कॉन्स्टेबलला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि विनयभंगासाठी हेड कॉन्स्टेबलला एक वर्षाची. पण 15 सप्टेंबर 1978 ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. मृत्यूची किंवा इजेची भीती घातली होती असा पुरावा नाही. मग संमती नव्हती हे सरकार पक्षाने सिद्ध केलं नाही.

शिरीष, इथे थोडं थांब, कारण सगळा वाद या एका पायरीवर उभा आहे. फौजदारी खटल्यात गुन्ह्याचा प्रत्येक घटक सरकार पक्षाने वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचा असतो, आणि बलात्काराच्या गुन्ह्यात ‘संमती नव्हती’ हाही एक घटक आहे. म्हणजे न घडलेली गोष्ट सिद्ध करायची, तीही बंद दाराआड, दोनच माणसांसमोर. मग न्यायालय बाहेरच्या खुणा शोधायला लागतं: ओरखडे, फाटलेले कपडे, आरडाओरडा. त्या सापडल्या नाहीत की संशयाचा फायदा आरोपीला. नियम चुकीचा नाही. पण पोलीस ठाण्याच्या भिंतींना तो जसाच्या तसा लावला की भीतीमुळेच खुणा राहत नाहीत आणि खुणा नाहीत म्हणूनच आरोपी सुटतो.

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर चळवळ उभी राहिली. 1983 मध्ये पुरावा कायद्यात कलम 114-अ आलं. आज तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 120 आहे. ते काय म्हणतं ते नीट बघ. आरोपीने संबंध केला हे आधी सरकार पक्षाने सिद्ध करायचं. मग प्रश्न फक्त संमतीचा उरला असेल, आणि बाईने न्यायालयात साक्षीत ‘संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने तसं गृहीत धरायचं. आणि हे सगळ्या खटल्यांत नाही. कायद्याने वेगळ्या काढलेल्या गंभीर प्रकारांतच. पोलीस, सरकारी नोकर, तुरुंग किंवा रुग्णालयाचे कर्मचारी यांपासून ही यादी सुरू होते. शेजाऱ्यावर, सहकाऱ्यावर किंवा ओळखीच्या माणसावर साधा आरोप असेल तर जबाबदारी पूर्वीसारखीच सरकार पक्षाची.

हे कलम 1972 ला असतं तर? कॉन्स्टेबलने संबंध केला हे खालच्या न्यायालयानेही मानलं होतं आणि मुलीने शपथेवर नकार सांगितला होता. जखमा नाहीत एवढ्यावर तो सुटला नसता; त्याला उलटतपासणीतून किंवा पुराव्यातून संमती दाखवावी लागली असती. हेड कॉन्स्टेबल मात्र तरीही सुटला असता. त्याच्याविरुद्ध तिने आधी जे सांगितलं होतं ते साक्षीत कॉन्स्टेबलच्या नावावर गेलं, आणि कोणी काय केलं हे गृहीत धरायला हे कलम सांगत नाही. तेवढी त्याची मर्यादा आहे, आणि ती असावी असंच माझं मत आहे.

उरलेल्या खटल्यांसाठी 2013 मध्ये दुसरा मार्ग निवडला गेला: संमतीची व्याख्याच लिहिली. शब्दांनी, हावभावांनी किंवा आणखी कशानेही बाईने त्या विशिष्ट कृतीसाठी तयारी दाखवलेली असली पाहिजे, आणि ती निःसंदिग्ध व स्वेच्छेची असली पाहिजे. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानायचं नाही, हे त्यात वेगळं लिहिलं आहे. तिचा पूर्वीचा लैंगिक अनुभवही संमतीच्या प्रश्नावर गैरलागू ठरला. ‘सवय होती’ हे वाक्य आज निकालात लिहिता येणार नाही. जबाबदारी सरकार पक्षाचीच राहिली, पण सिद्ध काय करायचं ते बदललं: तिने झगडा केला का, हे नाही, तिने तयारी दाखवली का, हे.

एवढ्याने सगळं सुटलं असं मात्र नाही. 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटलं की क्षीण ‘नाही’चा अर्थ कधी ‘हो’ही असू शकतो, आणि तिचा नकार आरोपीला कळला होता का याबद्दल संशय धरून त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. माझ्या मते हे व्याख्येच्या उलट आहे. निःसंदिग्ध होकार हवा असेल तर क्षीण नकार पुरेसा होता की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही.

तुझ्या बाजूचंही एक खरं सांगते. 2013 च्याच दुरुस्तीने त्या यादीत ‘एकाच स्त्रीवर वारंवार’ हा प्रकार घातला, आणि गृहीत धरण्याचा नियम त्यालाही लागू होतो. लग्नाचं वचन मोडल्याच्या तक्रारींत संबंध बहुधा वारंवारच आलेले असतात. म्हणजे कोठडीतल्या दहशतीसाठी केलेली तरतूद दोन-तीन वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याच्या भांडणातही येऊन बसते. वचन देतानाच ते खोटं होतं का, हे न्यायालयं तपासतात. तरी इथे आरोपीवरचा भार मला जास्त वाटतो. आरोपीच्या हाती सत्ता असते म्हणून केलेला अपवाद सत्ता नसलेल्या ठिकाणी ताणू नये. हे मी आमच्या बार रूममध्ये बोलले तेव्हा दोन जुन्या मैत्रिणी माझ्यावर चिडल्या होत्या. तुझं मत कळव, पण कलम 120 आणि त्याने उल्लेखलेली ती यादी एकदा वाचून मग कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अनघा