जिमची नव्या वर्षाची सभासद योजना: १ ते १५ जानेवारी

तीन महिन्यांची फी भरा, चौथा महिना मोफत. ‘आधी-नंतर’चे फोटो मागणार नाही आणि किती दिवसांत काय बदलेल याची हमीही देणार नाही, ते झोप, जेवण, वय यांवरही ठरतं.

नवीन सभासदांनी पहिले दोन आठवडे एकाआड एक, आठवड्यातून तीनच दिवस यावं. जानेवारीत नेहमीचं दृश्य: पहिल्याच दिवशी भरपूर स्क्वॉट, दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, मग येणंच बंद. म्हणून सुरुवात वजनाशिवाय, १० चे २ सेट. अजून तीन-चार निघतील असं वाटतानाच थांबा. स्नायूंचं दुखणं बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतं. सांध्यात कळ आली तर तो व्यायाम थांबवून ट्रेनरला सांगा. लघवी काळ्या चहासारखी झाली तर थेट डॉक्टरांकडे.