मोबाइल खिशात ठेवला, डब्याचं काय?

महोदय,

परवाच्या अंकात पेट्रोल पंपावरील सुरक्षिततेविषयीची चौकट वाचली. मोबाइल बंद ठेवा, मोबाइल वापरू नका, मोबाइल गाडीतच ठेवा, असे एकच वाक्य तीनदा छापायला आपल्याकडे जागा होती. स्थिर विद्युत हा शब्द मात्र त्यात कुठेच दिसला नाही. छत्तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवल्याची खोड म्हणा, रात्री झोप लागली नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. भर दुपारची वेळ आणि हवा अकोल्याची, म्हणजे ओठ फुटावेत इतकी कोरडी. मी स्कूटर घेऊन पंपावर रांगेत होतो. पुढच्या मोटारीची डिकी उघडी होती. आत रबरी मॅटवर पत्र्याचा डबा ठेवला होता आणि त्यातच पेट्रोल भरणे चालू होते. मी म्हणालो, ‘‘अरे बाबा, डबा खाली जमिनीवर ठेव.’’ पेट्रोल भरणारा पोरगा माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘‘काका, आधी तो मोबाइल खिशात घाला.’’ मोबाइल माझ्या हातात होता, कारण पैसे द्यायचा क्यूआर कोड त्याच्याच मशीनवर चिकटवलेला होता!

आता त्या डब्यात काय चालले होते ते सांगतो. पेट्रोल नळीतून आणि नोझलमधून वाहते तेव्हा त्यावर विद्युतभार जमा होतो आणि तो त्याच्याबरोबर डब्यात उतरतो. डबा जमिनीवर असेल तर भार निघून जातो. रबरावर ठेवलेल्या डब्यातला भार जाणार कुठे? तो साठत राहतो. नोझल मात्र अर्थिंगला जोडलेले असते. ते डब्याच्या तोंडाशी जवळ-दूर होऊ लागले की ठिणगी उडू शकते, तीही नेमकी तिथे, जिथून वाफ बाहेर पडत असते. कारण डब्यात पाच लिटर पेट्रोल गेले की आतली पाच लिटर वाफमिश्रित हवा बाहेर ढकलली जाते. ही वाफ हवेपेक्षा जड, ती वर न जाता खाली पसरते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की ती पेट घेते. गाडीत ठेवलेल्या डब्यांत पेट्रोल भरताना लागणाऱ्या आगींबद्दल अमेरिकेतील कामगारांच्या सुरक्षिततेविषयी काम करणाऱ्या सरकारी संस्थेने १९९८ मध्येच इशारा दिला होता. उपाय फुकटचा आहे: डबा जमिनीवर ठेवा, नोझल त्याच्या काठाला टेकलेले असू द्या आणि सावकाश भरा.

दुसरी ठिणगी माणसाच्या बोटातून निघते. सीटवरून उठताना कपडे घासतात आणि अंगावर भार येतो. रबरी तळव्याची चप्पल तो जमिनीत जाऊ देत नाही. दाराच्या कडीचा जो चटका आपल्याला जेमतेम जाणवतो, तो सुमारे ३००० व्होल्टचा असतो. त्यातली ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलच्या पुढे जाते; पेट्रोलची वाफ पेटवायला ०.२ मिलिज्यूलच्या आसपास पुरते. अमेरिकेत लोक स्वतःच पेट्रोल भरतात. नोझल टाकीत अडकवून गाडीत जाऊन बसायचे आणि मग बाहेर येऊन थेट नोझलला हात लावायचा, ही तिथली सवय. तिथल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने अशा शंभराहून अधिक आगींची नोंद केली. त्यातली एकही मोबाइलमुळे लागल्याचे सिद्ध झाले नाही. आपल्याकडे भरणारा वेगळा असतो म्हणून हा प्रकार कमी. तरी टाकीचे झाकण उघडण्याआधी टाकीपासून दूरच्या उघड्या धातूला हात लावावा, एवढे कुणी सांगत नाही.

म्हणजे मोबाइल खुशाल वापरा, असे मी म्हणत नाही. तो स्फोटक वाफेत वापरण्यासाठी बनवलेला नसतो, आणि बोलण्याच्या नादात माणसाचे टाकीकडे लक्ष राहत नाही, हे खरेच. नोझलपाशी तो नकोच. पण मग क्यूआर कोड वाफेपासून दूर, ऑफिसच्या भिंतीवर लावा. एका हाताने ‘मोबाइल वर्ज्य’ची पाटी आणि दुसऱ्या हाताने ‘स्कॅन करा काका’, हे कुठले शास्त्र?

आणि तो ‘राउंड फिगर’चा आग्रह! नोझल आपोआप बंद झाल्यावरही वीस रुपयांसाठी घळाघळा ओतायचे. ते सांडते माझ्या स्कूटरवर. त्या दिवशीही सांडले. गरम इंजिनावर पेट्रोल, आणि पोरगा फडके शोधतोय.

जाता जाता, त्याच पंपावरच्या मोफत हवेच्या मशीनवर ‘बंद आहे’ ही पाटी दिवाळीपासून लटकते आहे. त्याचीही एक चौकट छापता येईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अकोला