ब्रेडच्या पाकिटाची मागची बाजू

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मैदा टाळायचा म्हणून चार पैसे जास्त मोजून ब्राऊन किंवा मल्टिग्रेन ब्रेड घेणाऱ्यांनी पाकीट उलटून घटकांची यादी वाचावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. या यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे; त्यामुळे ‘ब्राऊन’ असे ठळक लिहिलेल्या पाकिटावर पहिले नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर (मैदा)’ असेल, तर तो ब्रेड मुख्यतः मैद्याचाच आहे. त्याचा तपकिरी रंग पुष्कळदा कॅरमेलचा असतो आणि यादीत तो १५० या क्रमांकाने ओळखता येतो. हा रंग वापरण्यास परवानगी आहे, पण त्यावरून कणकेचे प्रमाण कळत नाही.

टक्केवारी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ती सहसा पाण्यासह सगळ्या मिश्रणावर काढलेली असते. समजा, मैदा ३६ टक्के आणि आटा २० टक्के छापला आहे. दोन्ही मिळून ५६ झाले, म्हणजे एकूण पिठात आटा साधारण ३६ टक्के, जेमतेम एक तृतीयांश. उलट ‘आटा ५४ टक्के’ असून मैद्याचे नावच नसेल, तर तो आकडा कमी वाटला तरी ब्रेड पूर्ण कणकेचा असतो. अशा ब्रेडमध्ये वरून घातलेले ग्लुटेन दिसल्यास बिचकू नये. कोंड्यामुळे ब्रेड नीट फुगत नाही, म्हणून ते घालावे लागते.

मल्टिग्रेनची परीक्षा मिठावरून करता येते. ब्रेडमध्ये मीठ पिठाच्या साधारण २ टक्के असते. ४०० ग्रॅमच्या पाकिटात पीठ अंदाजे २४० ग्रॅम धरले, तर मीठ ५ ग्रॅमच्या आसपास येते. नाचणी, ओट्स, जवस ही नावे मिठाच्या नंतर आली असतील, तर त्यांतले प्रत्येक धान्य अख्ख्या पाकिटात फार तर ५ ग्रॅमच्या आसपास आहे आणि १६ स्लाइस धरल्या तर एका स्लाइसच्या वाट्याला ते जास्तीत जास्त ०.३ ग्रॅम येते. वर भुरभुरवलेले तीळ तेवढे डोळ्यांत भरतात. धान्ये भरपूर असली तरी मूळ पीठ मैदा आहे की कणीक, हा प्रश्न उरतोच, कारण १०० ग्रॅम कणकेत तंतुमय पदार्थ सुमारे ११ ग्रॅम असतात, तर मैद्यात ३ ग्रॅमच्या आसपास.

पांढरा ब्रेड निदान आपण मैद्याचे आहोत हे लपवत नाही. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाला माझी विनंती आहे की, एकूण पिठात कणीक किती टक्के, हा एकच आकडा प्रत्येक पाकिटाच्या दर्शनी बाजूला, ब्रेडच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत आणि मराठीतही छापणे सक्तीचे करावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे